कोपऱ्यातले बोट आणि उरलेले पिक्सेल

फोनवर काढलेल्या फोटोच्या कोपऱ्यात आलेले बोट बोटासारखे दिसत नाही. तो एक गुलाबी किंवा तपकिरी, धुरकट डाग असतो. बहुतेक फोनमध्ये कॅमेरा मागच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि फोन आडवा धरला की तोच कोपरा बोटांखाली येतो. लेन्सच्या इतक्या जवळच्या वस्तूवर कॅमेऱ्याला फोकस करता येत नाही, म्हणून बोटाची कड फोटोत पसरते. वाइड अँगल लेन्स कडेचाही बराच भाग टिपते. त्यामुळे तिच्यात बोट जास्त वेळा सापडते.

फ्लेअरचे कारण वेगळे असते. लेन्स एकाच भिंगाची नसते, एकामागे एक बसवलेल्या अनेक भिंगांची असते. प्रत्येक भिंगाच्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परावर्तित होतो. भिंगांवरचा लेप तो कमी करतो, पण पूर्ण थांबवत नाही. चौकटीत सूर्य किंवा उघडा दिवा असेल, तर हा उरलेला प्रकाशही फोटोत उमटण्याइतका प्रखर ठरतो आणि हिरवट ठिपका किंवा फिकट वर्तुळ दिसते. फोनच्या फोटोत हा ठिपका बहुधा दिव्याच्या बरोबर समोर, फोटोच्या मध्यबिंदूपलीकडे पडतो. दिवा वर उजवीकडे असेल, तर ठिपका खाली डावीकडे सापडतो. म्हणून फोटो काढून झाल्यावर दिवा कापून ठिपका जात नाही. ठिपका पडलेला भागच कापावा लागतो.

बोट असो वा फ्लेअर, ते कोपऱ्यात असेल तर कापणे हा सर्वांत सरळ उपाय असतो. कापल्याने काय जाते हे एका उदाहरणावरून कळेल. बारशाचा एक आडवा फोटो ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा आहे. मध्ये पाळणा, भोवती घरातली माणसे, डाव्या कडेला बाळाची आत्या. वर डावीकडच्या कोपऱ्यात बोट आले आहे. नुसत्या नजरेला ते ४०० पिक्सेल रुंद आणि ३५० पिक्सेल उंच दिसते.

इथे पहिली चूक होते ती दिसणाऱ्या कडेवरच कापण्याची. बोट फोकसबाहेर असल्याने त्याची कड हळूहळू विरत जाते. फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, की डागाच्या पुढेही भिंतीवर लालसर झाक दिसते. ती झाक जिथे संपते तिथवर कापावे लागते. या फोटोत ती डावीकडून ५२० आणि वरून ४५० पिक्सेलपर्यंत पोचली आहे.

कोपऱ्यातला डाग घालवायला दोन्ही बाजू कापाव्या लागत नाहीत. डावी पट्टी किंवा वरची पट्टी, यांपैकी एक पुरते. डावीकडून ५२० पिक्सेल कापले, तर ३४८० × ३००० म्हणजे सुमारे १०.४ मेगापिक्सेल उरतात, पण आत्याचा अर्धा खांदा जातो. वरून ४५० पिक्सेल कापले, तर ४००० × २५५० म्हणजे १०.२ मेगापिक्सेल उरतात आणि जाते ती फक्त भिंत व तोरणाचा वरचा भाग. पिक्सेलच्या हिशेबात दोन्ही पर्याय जवळजवळ सारखे आहेत. म्हणून निर्णय पिक्सेलवर नाही, पट्टीत काय आहे त्यावर होतो. इथे वरची पट्टी जाते.

फोटो ६ × ४ इंचाचा छापायचा असेल, तर रुंदी उंचीच्या दीडपट हवी. २५५० उंचीला ३८२५ रुंदी लागते, म्हणून उजवीकडची १७५ पिक्सेलची रिकामी पट्टीही कापली जाते. आता ३८२५ × २५५०, म्हणजे सुमारे ९.७५ मेगापिक्सेल उरले. मूळ फोटोपैकी १९ टक्के गेले. मात्र बोट नसते, तरी हा फोटो छापताना कापला गेलाच असता. फोनची चौकट ४:३ असते आणि कागद ३:२ चा, त्यामुळे कागदावर मुळातच ४००० × २६६७ पिक्सेल मावले असते. त्या १०.७ मेगापिक्सेलशी तुलना केली, तर बोटापायी गेलेला खरा वाटा ९ टक्क्यांच्या आसपास भरतो.

उरलेले पिक्सेल पुरतात का, हे भागाकाराने समजते. हातात धरून पाहायच्या छापील फोटोला इंचाला ३०० पिक्सेल हे नेहमीचे माप आहे. ३८२५ पिक्सेल ६ इंचांत छापले, तर इंचाला ६३७ पडतात, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. १२ × ८ इंचाच्या चौकटीसाठीही इंचाला ३१९ मिळतात. १८ × १२ इंचावर ते २१२ पर्यंत उतरतात, पण इतका मोठा फोटो भिंतीवर लावून थोड्या अंतरावरून पाहिला जातो, तेव्हा ते चालून जाते. स्क्रीनवर तर गरज आणखी कमी असते. १९२० × १०८० ची फुल एचडी चौकट जेमतेम २ मेगापिक्सेलची असते.

कापल्याने उरलेल्या भागातले काही पुसट होत नाही. पाळण्याची दोरी जितक्या पिक्सेलांत टिपली गेली, तितक्याच पिक्सेलांत राहते. फरक जाणवतो तो उरलेला भाग पुन्हा मोठ्या आकारात ताणला तरच. कापलेला फोटो एखाद्या अ‍ॅपमधून पुन्हा ४००० पिक्सेल रुंद करून घेतला, तर आकडा वाढतो, पण टिपले न गेलेले बारकावे परत येत नाहीत.

हा हिशेब मूळ फाइलचा आहे. मेसेजिंग अ‍ॅपवर साध्या दर्जात आलेला फोटो अनेकदा १६०० × १२०० पिक्सेलच्या आसपास लहान झालेला असतो. तोच बारशाचा फोटो त्या रूपात त्याच प्रमाणात कापला, तर १५३० × १०२० पिक्सेल उरतात. ६ × ४ इंचाला ते इंचाला २५५ पडतात आणि निभावते. १२ × ८ इंचावर १२७ च उरतात आणि चेहरे मऊ, पुसट दिसतात. म्हणून कापायची ती ज्या फोनने फोटो काढला त्यातली फाइल. आधी कापावे, मग पाठवावे. काढतानाच डिजिटल झूम वापरला असेल, तर फोनने मधला भाग आधीच कापून ताणलेला असतो. तिथे दुसऱ्यांदा कापायला फारशी जागा राहत नाही.

क्रम साधा असतो. फोटो तिरका असेल, तर आधी तो सरळ करावा, कारण सरळ करताना चारही कोपरे थोडे कापले जातात आणि कधी बोट त्यातच जाते. मग गुणोत्तर ठरवावे आणि चौकट झाकेच्या पलीकडे ओढावी. हे सगळे एकाच वेळी करून शेवटी एकदाच जतन करावे, कारण जेपीईजी फाइल दर वेळी नव्याने जतन होताना पुन्हा दाबली जाते. अ‍ॅप मूळ फोटो राखून ठेवत नसेल, तर वेगळी प्रत करून तिच्यावर कात्री चालवावी.

काही वेळा कापून उपयोग होत नाही. फ्लेअरचा ठिपका चेहऱ्यावर पडला असेल, तर कोपरा कापून तो जाणार नाही. लेन्सवर बोटांचे तेलकट ठसे असतील, तर दिव्याचा प्रकाश सगळ्या फोटोवर पांढुरक्या पडद्यासारखा पसरतो आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो. त्याला कोपरा नसतोच. तिथे लेन्स पुसून, फोन किंचित वळवून पुन्हा फोटो काढावा लागतो. फोन वळवताना स्क्रीनवरचा ठिपका दिव्याच्या उलट दिशेला सरकला, तर तो बहुधा फ्लेअरचा असतो.