आई की खाला?

पासपोर्टवर नाव एक आणि समोर उभा असलेला मुलगा भलताच, असा अधिकाऱ्यांना संशय आला, तर त्या मुलाने आपण कोण हे सिद्ध कसे करायचे? ब्रिटनमध्ये जन्मलेल्या एका मुलावर ही वेळ आली होती. त्याचे घराणे मूळचे घानाचे. तो वडिलांकडे घानाला गेला होता. काही काळाने तो एकटाच ब्रिटनला, आई आणि भावंडांकडे परतला. अधिकाऱ्यांना वाटले की हा मुलगा तो नव्हेच, त्याच्या जागी नात्यातला दुसराच कुणी आणला आहे. या बाईला घानात बहिणी होत्या. तेव्हा हा तिचा मुलगा नसून भाचा असेल, म्हणजे ही त्याची आई नसून खाला असेल, ही शंका अगदीच हवेतली नव्हती.

रक्तगट आणि त्या काळच्या इतर चाचण्या झाल्या. दोघे एकाच रक्ताचे आहेत इतके त्यातून ठरले. आई की खाला, हे मात्र ठरेना. वडील तपासणीसाठी उपलब्ध नव्हते, बहिणीही नव्हत्या. कुटुंबाच्या वकिलांना वर्तमानपत्रातून एका नव्या शोधाची बातमी कळली आणि 1985 साली हे प्रकरण लेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्याकडे गेले.

जेफ्रीज यांच्या हाती हा शोध 1984 च्या सप्टेंबरात लागला होता. आपल्या डीएनएत काही ठिकाणी अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो, तसबीहच्या मण्यांसारखा एकामागून एक. कुणाच्या माळेत दहा मणी, कुणाच्या तीस. मणी जितके जास्त, तितका तो भाग लांब. ही लांबी मोजता आली की माणूस ओळखता येतो.

ती मोजण्याची रीत दहा वर्षे आधीच तयार होती. एडिनबरोचे एडविन सदर्न यांनी 1975 साली ती प्रसिद्ध केली, म्हणून तिला सदर्न ब्लॉटिंग म्हणतात. दक्षिण दिशेशी तिचा काही संबंध नाही. पुढे अशाच दुसऱ्या पद्धती निघाल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी गमतीने त्यांना नॉर्दर्न आणि वेस्टर्न अशी नावे दिली, आणि विद्यार्थी अजून गोंधळतात.

रीत अशी. रक्तातून डीएनए काढायचा. ठरावीक अक्षरक्रम दिसला की तिथेच कापणारे एक एन्झाइम त्यात घालायचे. डीएनएचे लाखो लहानमोठे तुकडे होतात. हे तुकडे जेलीसारख्या घट्ट थराच्या एका टोकाला भरून त्यातून वीज सोडायची. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे सरकतो. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. आता तुकडे लांबीप्रमाणे लागलेले असतात, पण जेली नाजूक असते, त्यावर पुढचे काम जमत नाही. सदर्न यांची युक्ती इथेच होती. अल्कलीने डीएनएच्या दुहेरी साखळ्या सुट्या करायच्या, जेलीवर खास कागदासारखा पडदा ठेवायचा, वर टिपकागदांची चळत आणि तिच्यावर वजन. खालचे खारे पाणी टिपकागद वर ओढून घेतो आणि त्याबरोबर डीएनए जेलीतून निघून पडद्याला चिकटतो, जागच्या जागी. शाई टिपावी तसे. मग ठरावीक पुनरावृत्तीशी जोडी जमवणारा किरणोत्सारी डीएनए-तुकडा त्या पडद्यावर सोडायचा. जिथे जोडी जमते तिथे तो चिकटतो. पडदा एक्स-रे फिल्मला लावून काही दिवस थांबायचे. फिल्मवर काळ्या पट्ट्यांची शिडी उमटते.

जेफ्रीज यांचा तुकडा एकाच वेळी अनेक ठिकाणच्या माळांना चिकटत असे, त्यामुळे एका माणसाच्या कितीतरी पट्ट्या दिसत. यातली प्रत्येक पट्टी एक तर आईकडून आलेली असते, नाही तर वडिलांकडून. याच नियमावर त्यांनी कोडे सोडवले. बाईची तीन मुले अशी होती की ती तिचीच याबद्दल वाद नव्हता. त्या तिघांत ज्या पट्ट्या होत्या आणि आईत नव्हत्या, त्या वडिलांच्याच असणार. अशा रीतीने समोर नसलेल्या वडिलांची शिडी तयार झाली. मग वादातल्या मुलाच्या साठेक पट्ट्या पाहिल्या. त्यातल्या सुमारे निम्म्या वडिलांच्या शिडीत सापडल्या. म्हणजे भावंडांचा आणि त्याचा बाप एकच. उरलेली प्रत्येक पट्टी त्या बाईत होती.

खाला असती तर? सख्ख्या बहिणींमध्ये एखादी पट्टी समान असण्याची शक्यता साधारण 62 टक्के. एका पट्टीवरून काहीच ठरत नाही. पण आईकडून आलेल्या पंचविसेक पट्ट्या लागोपाठ सगळ्याच्या सगळ्या योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत सहाच्या आसपास येते. अधिकाऱ्यांनी हरकत मागे घेतली आणि मुलगा आईजवळ राहिला.

भारतात हे काम हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी सुरू केले. त्यांनी वापरलेला तुकडा पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएतून आला होता!

सदर्न पद्धतीला बराच आणि न तुटलेला डीएनए लागतो, आणि दोन वेगळ्या फिल्मवरच्या पट्ट्या अचूक ताडून पाहणे कठीण जाते. म्हणून नव्वदीच्या दशकात प्रयोगशाळा एसटीआर पद्धतीकडे वळल्या. यातही माळाच असतात, पण मणी फार लहान, दोन ते सहा-सात अक्षरांचे. पूर्ण माळ छोटी असल्यामुळे पीसीआरने तिच्या कोट्यवधी प्रती काढता येतात. गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो. उत्तरही काळ्या पट्टीऐवजी आकड्यात येते.

तेच कुटुंब आज आले असते तर? समजा टीएच01 नावाच्या जागी आईचे आकडे 6 आणि 9 आले. तीन मुलांचे 6-7, 9-8 आणि 6-8. म्हणजे वडिलांचे 7 आणि 8. वादातल्या मुलाचे 9-7 आले. नऊ आईचा, सात वडिलांचा, हिशेब जुळला. पण ही जागा खालेशीही निम्म्याहून अधिक वेळा जुळू शकते. म्हणून वीसेक जागा पाहतात. खाला असेल, तर सरासरी पाच-सहा जागी तरी आकडा बसत नाही.

इथे घाई अंगाशी येते. खऱ्या आईशीही क्वचित एखाद्या जागी आकडा एकाने चुकतो, कारण माळ पुढच्या पिढीला देताना एक मणी वाढू किंवा गळू शकतो. नमुना जुना किंवा अपुरा असेल तर दोनपैकी एक आकडा उमटतच नाही आणि खोटी विसंगती दिसते. म्हणून एका न जुळलेल्या जागेवरून चांगली प्रयोगशाळा ‘ही आई नाही’ असे लिहीत नाही. ती नमुना पुन्हा तपासते, आणखी जागा घेते, शक्य असेल तर वडिलांना किंवा भावंडांना बोलावते. फक्त आई आणि मूल असे दोघेच पाठवले तर निकाल तितकाच कमजोर होतो. नुसता ‘नाते आहे’ असा अहवाल खालेच्या बाबतीतही खरा ठरेल. तेव्हा विचारायचे ते नेमके विचारावे: आई असण्याची शक्यता खाला असण्याच्या तुलनेत किती?

अशा वेळी काही जण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासा म्हणतात, कारण तो फक्त आईकडून येतो. पण आईला आणि खालेला तो त्यांच्या एकाच आईकडून, म्हणजे मुलाच्या नानीकडून मिळालेला असतो. दोघींचा सारखाच निघतो.