नोंदणी अडली, पत्र कुणाला?

समजा, नाशिकच्या एका मुलीला अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. जुलैमध्ये विषयांची नोंदणी सुरू होते. ती घरूनच विद्यापीठाच्या पोर्टलवर जाते आणि मशीन लर्निंगचा विषय निवडते. विषयाचा पाच आकडी क्रमांक टाकून बटण दाबते, तर उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उघडते: Prerequisite and Test Score error. खालच्या सारांशात त्या विषयापुढे Errors Preventing Registration असं येतं. ती पान पुन्हा उघडून पाहते, ब्राउझर बदलते, मोबाइलवरूनही प्रयत्न करते. संदेश तोच राहतो. मग रात्री ती रजिस्ट्रार कार्यालयाला पत्र लिहिते की तुमचं पोर्टल चालत नाही, कृपया लवकर दुरुस्त करा. सोबत फोनने काढलेला पडद्याचा फोटो जोडते.

पत्रात उद्धटपणा कुठेच नाही, तरीही ते कामाचं नाही, कारण पोर्टल बिघडलेलंच नाही.

बॅनर नावाची प्रणाली अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत वापरली जाते आणि हे संदेश तिचेच आहेत. एखाद्या विषयाला आधी अमुक विषय झालेला असावा अशी अट घातलेली असली, की प्रणाली विद्यार्थ्याच्या नोंदींमध्ये तो विषय शोधते. नोंदी म्हणजे त्याच विद्यापीठात शिकलेले विषय, किंवा बाहेरचे जे विषय कुणीतरी एकेक करून तिथे चढवले आहेत ते. पुणे विद्यापीठाची गुणपत्रकं प्रवेश समितीने पाहिलेली असतात. पण ती बहुधा पीडीएफ म्हणून अर्जासोबतच राहतात, त्यांतला प्रत्येक विषय या नोंदींत उतरत नाही. प्रणाली लिनिअर अल्जिब्रा शोधते, तिला ते सापडत नाही आणि ती अडवते. त्या मुलीने पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग गणितात मॅट्रिक्स आणि दुसऱ्या वर्षाच्या गणितात संभाव्यता शिकलेली आहे, हे प्रणालीपर्यंत पोचलेलंच नसतं.

म्हणून पत्र लिहायच्या आधी एक छोटी चाचणी करावी. ज्याला पूर्वअट नाही असा, आपल्याला खरोखर घ्यायचा असलेला दुसरा विषय नोंदवून पाहावा. तो नोंदला गेला, तर पोर्टल आणि खातं दोन्ही ठीक आहेत आणि अडचण त्या एका विषयाच्या नियमात आहे. एकही विषय नोंदला जात नसेल, तर खात्यावर होल्ड आहे का ते पाहावं. भारतातून जाणाऱ्यांना हमखास भेटणारा होल्ड लसीकरणाचा असतो. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या लसीच्या दोन मात्रांचा पुरावा पुष्कळ विद्यापीठं मागतात, आणि तो विद्यार्थी आरोग्य केंद्राकडे पोचेपर्यंत नोंदणी बंद असते. होल्ड कोणत्या कार्यालयाने लावला हे सहसा पोर्टलवरच दिसतं, तेव्हा पत्रही त्याच कार्यालयाला जायला हवं. पान कोरं राहणं, चक्र फिरत राहणं, दाबलेल्या बटणाला काहीच प्रतिसाद न मिळणं ही खऱ्या तांत्रिक बिघाडाची लक्षणं. अशा वेळी आयटी मदत कक्षाला लिहावं आणि कोणता ब्राउझर वापरला हे सांगावं. पण पडद्यावरच्या संदेशात एखाद्या नियमाचं नाव असेल, तर कॅशे पुसून किंवा ब्राउझर बदलून काही होणार नाही.

आपल्या उदाहरणातल्या मुलीची अडचण नियमाची आहे. रजिस्ट्रारचं कार्यालय नोंदी सांभाळतं, पण नाशिकमध्ये शिकलेलं गणित या विषयाला पुरेसं आहे की नाही, हे ठरवणं त्याचं काम नाही. ते ठरवतो विभाग: विषय शिकवणारे प्राध्यापक, ग्रॅज्युएट ॲडव्हायझर किंवा विभागाचे प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर. त्यांना पटलं, की ते प्रणालीत त्या विद्यार्थ्यापुरती सूट नोंदवतात. तिला ओव्हरराइड म्हणतात. काही ठिकाणी त्यासाठी वेगळा ऑनलाइन फॉर्म असतो. तो विभागाच्या पानावर असेल, तर आधी तोच भरावा.

आता स्क्रीनशॉट. फोनने काढलेला तिरका फोटो आणि संगणकावरच घेतलेलं चित्र यांत वाचणाऱ्यासाठी मोठा फरक पडतो. विंडोजवर Win+Shift+S आणि मॅकवर Shift+Command+4 दाबलं, की हवा तेवढा भाग निवडता येतो. पण इथे फार कातरू नये. फक्त लाल चौकट कापून पाठवली, तर ती कोणत्या सत्रातल्या कोणत्या विषयासाठी आहे हे कळत नाही. सत्राचं नाव, विषयाचा क्रमांक, लाल संदेश आणि सारांशातली स्थिती, एवढं एकाच चित्रात यावं. लाल चौकट बंद केली किंवा पान ताजं केलं की ती निघून जाते, म्हणून चित्र आधी घ्यावं आणि मग बाकी काही करून पाहावं. ब्राउझरचे इतर टॅब आणि बाजूला उघडलेले निरोप चित्रात येऊ देऊ नयेत. पासपोर्टचा क्रमांक दिसत असेल तर झाकावा. विद्यार्थी क्रमांक मात्र लागतोच. पासवर्ड तर कुणालाच पाठवायचा नसतो.

चित्र जोडलं म्हणून संदेश टाइप करायचं टाळू नये, आणि माझ्या मते बहुतेक पत्रं इथेच लंगडी पडतात. विद्यापीठांकडे येणारी अशी पत्रं अनेकदा तिकीट प्रणालीत जातात. तिथे चित्र जोडपत्र म्हणून वेगळं पडतं आणि शोध घेताना त्यातली अक्षरं सापडतीलच असं नाही. फोनवर पत्र वाचणाऱ्याला चित्र लहान दिसतं. दृष्टिबाधित कर्मचारी स्क्रीन रीडर वापरत असेल, तर त्याला ते वाचताच येत नाही. म्हणून संदेश अक्षरशः जसा आहे तसा पत्रात उतरवावा आणि चित्राचा हवाला देऊन त्यात काय कुठे पाहायचं ते सांगावं. "स्क्रीनशॉट जोडला आहे" एवढंच लिहिलं, तर शोधायचं काम वाचणाऱ्यावर पडतं.

पत्र अर्थातच इंग्रजीत जाईल. प्रत्येक वाक्य काय काम करतं ते कळावं म्हणून त्याचा मजकूर इथे मराठीत देते.

विषय: CRN 41873, मशीन लर्निंग, फॉल सत्र: पूर्वअटीमुळे नोंदणी अडली आहे

नमस्कार. मी या फॉल सत्रापासून कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला रुजू होत आहे. माझा विद्यार्थी क्रमांक खाली दिला आहे. १८ जुलै रोजी, आपल्याकडील वेळेनुसार दुपारी १२.१० वाजता, मी CRN 41873 हा विषय नोंदवून पाहिला. पोर्टलवर "Prerequisite and Test Score error" असा संदेश आला. सोबतच्या 41873-error.png या चित्रात तो वर उजव्या कोपऱ्यात आहे, आणि खालच्या सारांशात त्याच विषयापुढे "Errors Preventing Registration" असे दिसते. त्याच वेळी CRN 41790 हा विषय नोंदला गेला. माझ्या खात्यावर होल्ड नाही.

या विषयासाठी लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी आवश्यक असल्याचे कॅटलॉगमध्ये वाचले. हे दोन्ही भाग मी भारतातील पदवीत शिकले आहे. गुणपत्रकाची दोन पाने आणि अभ्यासक्रमाची संबंधित पाने जोडली आहेत. ती पाहून ओव्हरराइड देणे शक्य होईल का? हा निर्णय आपल्याकडे नसेल, तर कोणाला विचारावे ते कृपया कळवावे. आणखी काही कागद लागल्यास मी लगेच पाठवीन. आपण वेळ दिल्याबद्दल आभार.

खाली पूर्ण नाव, विद्यापीठाच्या नोंदीत जसं आहे अगदी तसं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात गेल्याने प्रवेशपत्रावर नाव उलटसुलट झालेलं असेल, तर तेच उलटसुलट नाव द्यावं आणि क्रमांक द्यावा.

या पत्राची अदब त्याच्या मांडणीत आहे. वाचणाऱ्याला विद्यार्थिनीची नोंद उघडता येते आणि कारण समजतं. हो किंवा नाही ठरवायला लागणारे कागद हाताशी असतात, आणि परत प्रश्न विचारायची वेळ येत नाही. कुणावर दोष ठेवलेला नाही, "माझं वर्ष वाया जाईल" असा दबाव नाही. विनंती एकच आहे आणि ती प्रश्नाच्या रूपात आहे, त्यामुळे नकार द्यायलाही जागा राहते. प्राध्यापकांना खरोखर वाटू शकतं की पहिल्या वर्षाच्या मॅट्रिक्स या विषयाला पुरणार नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे.

पत्र विद्यापीठाने दिलेल्या ईमेलवरूनच पाठवावं. अमेरिकेत १९७४ पासून फर्पा नावाचा कायदा आहे. त्यानुसार विद्यार्थ्याची शैक्षणिक माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय, काही अपवाद सोडता, इतर कुणाला देता येत नाही. खासगी जीमेलवरून लिहिलं, तर पत्र तुमचंच आहे हे कार्यालयाला कळायला मार्ग नाही. वडिलांनी किंवा प्रवेश सल्लागाराने लिहिलं, तर सर्वसाधारण माहितीपलीकडे उत्तर मिळणार नाही. मुलीच्या काळजीने आईवडील स्वतः पत्र लिहायला बसतात, त्यांची तळमळ मला कळते. पण त्यामुळे काम पुढे सरकत नाही.

वेळेचंही तसंच. जुलैमध्ये न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. आपल्या संध्याकाळी सहाला तिथे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. त्या सुमारास पोचलेलं पत्र दिवसाच्या सुरुवातीला समोर येतं. आपण शनिवारी सकाळी पाठवलं, तर तिथे शुक्रवारची रात्र असते आणि सोमवारपर्यंत ते कुणी पाहत नाही. दोन-तीन कामाचे दिवस उत्तर आलं नाही, तर त्याच पत्राला जोडून चार ओळींची आठवण करावी. तेच गाऱ्हाणं नव्याने चार कार्यालयांना पाठवलं, तर चार तिकिटं उघडतात आणि प्रत्येक जण दुसरा बघतोय असं समजतो.

मुदतीचा उल्लेख करायचा तो एकदाच आणि कारणासह. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ विषयभार घ्यावा लागतो. पदवीसाठी तो किमान १२ क्रेडिट असतो. मास्टर्ससाठी विद्यापीठ ठरवतं आणि अनेक ठिकाणी तो ९ असतो. नव्या विद्यार्थ्याची नोंदणी कार्यक्रम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत सरकारी सेव्हिस प्रणालीत कळवणं हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं काम. पूर्वअटीचा अडथळा ते कार्यालय काढू शकत नाही. मात्र क्रेडिट कमी पडण्याची शक्यता दिसली, तर त्यांना वेळेत कळवावं. आपल्या मुलीने तोवर दुसरा एखादा उपयोगी विषय घेऊन भार पूर्ण करून ठेवावा, पुढे मशीन लर्निंग मिळालं तर तो सोडता येतो.

ओव्हरराइड दिल्याचं उत्तर आलं, तरी नोंदणी आपोआप होत नाही. पुन्हा पोर्टलवर जाऊन तोच क्रमांक स्वतः टाकावा लागतो. पूर्वअटीची सूट मिळाली म्हणून जागा राखून ठेवलेली असतेच असं नाही. दरम्यान वर्ग भरला, तर या वेळी संदेश वेगळा येईल, Closed Section असा. तेव्हा नवं चित्र घ्यावं, नवा संदेश टाइप करावा आणि जुन्याच पत्राला उत्तर म्हणून पाठवून विचारावं, की प्रतीक्षा यादीत नाव घालावं की पुढच्या सत्राची वाट पाहावी.