सुईभोवतीची लाली, सूज, उष्णता आणि वेदना

सलाईनसाठी हाताच्या पाठीवर बसवलेल्या इंट्राकॅथची जागा एक-दोन दिवसांनी लाल होते, सुजते, गरम लागते आणि दुखू लागते. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला वॉर्डात दाह पहिल्यांदा दिसतो तो बहुधा इथेच. दाहाची ही चारही लक्षणे रोमन लेखक केल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच एकत्र नोंदवली होती. ती उमटतात कशी, हे कळायला मात्र पुढे अनेक शतके जावी लागली.

नळी शिरेच्या आतल्या नाजूक अस्तरावर घासते किंवा तीव्र औषधाने ते अस्तर पोळते, तेव्हा दुखावलेल्या पेशींमधून काही द्रव्ये बाहेर पडतात. रक्तवाहिन्यांच्या आसपास असलेल्या मास्ट पेशींना ही द्रव्ये धोक्याच्या घंटेसारखी जागे करतात. मास्ट पेशींमध्ये हिस्टामिन तयारच साठवलेले असते, त्यामुळे ते काही मिनिटांत काम सुरू करते. ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्येही त्या जागी तयार होतात आणि दाह पुढे चालू ठेवतात.

यांच्या परिणामाने त्या जागेच्या छोट्या रोहिण्या सैल पडतात आणि तिथे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त रक्त येते. लाली आणि उष्णता ही दोन्ही याच एका बदलाची लक्षणे आहेत. हाताच्या त्वचेचे तापमान एरवी साधारण ३२-३३ अंश सेल्सिअस असते, तर शरीराच्या आतून येणारे रक्त ३७ अंशांचे असते. म्हणूनच दाह झालेली जागा हाताला गरम लागते. पोटातल्या अवयवांजवळ आधीच ३७ अंश तापमान असल्याने तिथल्या दाहात असा स्थानिक फरक सापडत नाही.

सूज येण्याचे कारण वेगळे आहे. हिस्टामिनमुळे सूक्ष्म नीलांच्या भिंतीतल्या पेशी आकसतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात. एरवी रक्तातच राहणारी प्रथिने या फटींतून बाहेर झिरपतात, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही ऊतींत ओढले जाते. त्याच भिंती ओलांडून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी काही तासांत इजेच्या जागी पोहोचतात. वेदनेला सुजेचा ताण कारणीभूत असतोच, पण प्रोस्टाग्लँडिनमुळे वेदनेच्या मज्जातंतूंची टोके इतकी हळवी होतात की साधा स्पर्शही बोचू लागतो. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले.

आता वॉर्डातले एक नेहमीचे उदाहरण. पोटॅशियम क्लोराईड घातलेले सलाईन चालू असलेला रुग्ण हात आग आग करतो अशी तक्रार करतो. सुईच्या वर शिरेच्या रेषेत लालसर पट्टा दिसतो आणि बोट फिरवले तर शीर कडक लागते. हा शिरेचा दाह आहे. अशा वेळी सलाईन थांबवायचे, सुई काढायची, उपचार सुरू ठेवायचे असतील तर दुसऱ्या हाताला नवी सुई लावायची, दुखरा हात उंचावर ठेवायचा, डॉक्टरांना कळवायचे आणि नोंद करायची. हा दाह औषधामुळे झाला, नळी घासल्यामुळे झाला की जंतूंमुळे, हे नुसत्या लालीवरून ओळखता येत नाही, कारण तिन्ही कारणांत शरीराचा सुरुवातीचा प्रतिसाद सारखाच असतो. पू किंवा ताप असेल तर जंतूंचा संशय बळावतो.

प्रत्येक सूज म्हणजे दाह नव्हे, हेही इथेच शिकायला मिळते. सुई शिरेतून निसटून सलाईन ऊतींत गेले, तर हात फुगतो, पण त्वचा ताणलेली, फिकट आणि गार लागते. बोटांची मागची बाजू आधी एका हाताला आणि मग दुसऱ्या हाताला लावून पाहिली की हा फरक लगेच कळतो. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. अशा रुग्णात डोळ्यांपेक्षा ही स्पर्शाची तुलना आणि रुग्णाचे सांगणे जास्त भरवशाचे ठरते.

सगळ्यात फसवी असते ती लक्षणांची अनुपस्थिती. स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णात दाहाची द्रव्ये कमी तयार होतात. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल एका मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली गेले असतील, तर जंतुसंसर्ग असूनही सुईची जागा जवळजवळ स्वच्छ दिसू शकते, कारण पू हा मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलांचाच बनतो. अशा रुग्णाला तासभर टिकून राहणारा ३८ अंशांचा ताप आला, तर जागा कितीही निर्दोष दिसत असली तरी डॉक्टरांना तातडीने कळवावे लागते, आणि रक्ताचे कल्चर घेऊन प्रतिजैविके लवकरात लवकर सुरू केली जातात.