गिनिए आलेखातला आकडा ‘सरासरी’ नव्हे

‘इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत कणांची त्रिज्या ५ नॅनोमीटर दिसते आणि क्ष-किरण ७.४ सांगतात, म्हणजे क्ष-किरणांचं मोजमाप चुकलं.’ हे वाक्य संशोधक विद्यार्थ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकू येतं, की आता त्याचा सोक्षमोक्ष लावलेला बरा. मोजमाप बहुतेक वेळा बरोबर असतं. चूक असते ती त्या आकड्याला कणांची सरासरी त्रिज्या समजण्यात.

आन्द्रे गिनिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये दाखवलं, की अगदी लहान कोनांत विखुरलेल्या क्ष-किरणांची तीव्रता एका सोप्या नियमाने उतरते:

ln I(q) = ln I(0) − q²Rg²/3

इथे q हे कोन आणि तरंगलांबी यांच्यावरून निघतं. आधी द्रावणाच्या तीव्रतेतून नुसत्या द्रावकाची तीव्रता वजा करायची, मग आडव्या अक्षावर q² आणि उभ्या अक्षावर ln I मांडायचं. सुरुवातीच्या सरळ रेषेच्या उतारातून Rg, म्हणजे परिभ्रमण त्रिज्या मिळते. कण भरीव गोल असतील, तर तिला १.२९ ने गुणलं की त्रिज्या येते. हा गुणाकार विसरणारेही कमी नाहीत.

आता मुख्य गोष्ट. कण जितका मोठा, तितका तो क्ष-किरण जास्त विखुरतो. आणि ही वाढ घनफळाच्या वर्गाने, म्हणजे त्रिज्येच्या सहाव्या घाताने होते. सोन्याच्या कणांचं एक द्रावण घ्या. शंभरातले ९९ कण ५ नॅनोमीटर त्रिज्येचे आहेत आणि एकच १० चा. साधी सरासरी ५.०५. पण तो एकटा कण लहान कणाच्या ६४ पट विखुरतो, त्यामुळे शून्य कोनाकडच्या एकूण तीव्रतेतला सुमारे ३९ टक्के वाटा त्याचाच. उतारात तर त्याचं वजन आणखी वाढतं. उतारातून निघणाऱ्या त्रिज्येचा वर्ग म्हणजे त्रिज्यांच्या आठव्या घातांची बेरीज भागिले सहाव्या घातांची बेरीज. हिशेब केला तर सुरुवातीचा उतार −१०.९ चौरस नॅनोमीटर येतो, Rg ५.७२ आणि त्रिज्या ७.३८. सूक्ष्मदर्शीत शंभर कण मोजणाऱ्याला तो एक मोठा कण दिसेलच असं नाही. दोन्ही यंत्रं खरंच सांगताहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत.

कण खरोखर एकसारखे असतील तर हा वाद उरत नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ने दिलेल्या १० नॅनोमीटर नाममात्र व्यासाच्या सोन्याच्या संदर्भ-नमुन्याच्या अहवालात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीचा व्यास ८.९ आहे आणि लघुकोनी क्ष-किरणांचा ९.१.

आकड्याला सरासरी समजण्याच्या गैरसमजातूनच पुढची खोड निघते: ‘हवा तो’ आकडा येईपर्यंत रेषा सरकवत राहायचं. वरच्याच मिश्रणात q ०.३ ते ०.५ प्रति नॅनोमीटर या टापूत रेषा बसवली, तर त्रिज्या ५.७ येते. मोठ्या कणाचा सहभाग तोवर मावळलेला असतो, आणि सूक्ष्मदर्शीशी बऱ्यापैकी जुळलं म्हणून सगळे खूश! पण तिथे qRg २.२ पर्यंत जातं, आणि गिनिएचा नियम गोल कणांसाठी साधारण १.३ च्या आतच चालतो. म्हणून रेषा बसवा, आलेल्या Rg ने सर्वांत मोठ्या q ला गुणा, १.३ ओलांडत असेल तर मोठ्या q चे बिंदू काढून पुन्हा बसवा. उत्तर स्थिर होईपर्यंत हेच करा. मग मोजलेल्या बिंदूंचं रेषेपासूनचं अंतर वेगळं काढून पाहा. ते अंतर कमानीसारखं वळत असेल, तर डोळ्यांना सरळ दिसणारी रेषा सरळ नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘द्रावण जितकं दाट, तितकं मोजमाप चांगलं.’ नाही. एकमेकांना ढकलणाऱ्या कणांमुळे लहान कोनांतली तीव्रता दबते आणि कण लहान भासतात. तीन-चार पातळ द्रावणं मोजून शून्य संहतीकडे जा.

‘डाव्या टोकाला वर वळणारे बिंदू म्हणजे गोंगाट, खोडून टाका.’ कण गुठळ्या धरू लागल्याची ती खूण असू शकते. नमुना गाळून पुन्हा मोजा.

‘प्रकाश-प्रकीर्णनाचा आकडा मोठा आला, म्हणजे कुणीतरी चुकलं.’ निस्टच्या त्याच नमुन्यात तो १३.५ आहे. प्रकाशाची पद्धत कणासोबत वाहणारं आवरणही मोजते. क्ष-किरणांना मुख्यतः सोन्याचा गाभाच दिसतो.

तेव्हा शोधनिबंधात नुसतं ‘आकार ७.४ नॅनोमीटर’ लिहू नका. Rg, वापरलेला q चा टापू, qRg ची कमाल आणि कण गोल मानले की नाही, हे चारही लिहा. आणि आकारांची विभागणी हवी असेल तर संपूर्ण वक्रावर प्रारूप बसवा. एका उतारातून ती निघत नाही.