सदोष बल्ब, हेल्पडेस्कचे फोन आणि संभाव्यतेची दोन सूत्रे

एका खोक्यात २० बल्ब आहेत आणि कारखान्यातील सदोष बल्बांचे प्रमाण ५ टक्के आहे. म्हणजे खोक्यामागे सरासरी एक बल्ब सदोष. मात्र प्रत्येक खोक्यात नेमका एकच सदोष बल्ब निघेल, असे नाही. येथे ‘द्विपद वितरण’ उपयोगी पडते. त्याच्या अटी अशा : तपासण्यांची संख्या आधीच ठरलेली हवी, प्रत्येक तपासणीचे निष्कर्ष दोनच हवेत (चांगला किंवा सदोष), सदोष निघण्याची शक्यता सर्वत्र सारखी हवी आणि एका बल्बचा परिणाम दुसऱ्यावर होता कामा नये. या सूत्राने गणित केल्यास एकही बल्ब सदोष नसण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के, एकच सदोष असण्याची ३८ टक्के, तर तीन किंवा अधिक सदोष निघण्याची साडेसात टक्के येते. तीन सदोष बल्ब दिसताच व्यापारी खोके परत पाठवू लागला, तर कारखान्याचा दर्जा जराही न घसरता शंभरातील सात-आठ खोकी परत येतील.

हेल्पडेस्कच्या फोनचे गणित वेगळे आहे. खोक्यातील चांगले बल्ब मोजता येतात. न आलेले फोन कसे मोजणार? येथे एकूण प्रयत्नांची संख्याच ठाऊक नसते. ठाऊक असते ती केवळ ठरावीक वेळेतील सरासरी. अशा वेळी फ्रेंच गणिती पॉयसाँ यांच्या नावाचे वितरण वापरतात. समजा, दर दहा मिनिटांत सरासरी तीन फोन येतात आणि कर्मचारी तेवढ्या वेळात पाच फोन घेऊ शकतात. सहा किंवा अधिक फोन येण्याची शक्यता ८.४ टक्के भरते. आठ तासांच्या पाळीत दहा-दहा मिनिटांचे ४८ टप्पे असतात. त्यांपैकी सरासरी चार टप्प्यांत क्षमतेपेक्षा अधिक फोन येतील.

ही दोन सूत्रे एकमेकांना परकी नाहीत. हजार बल्बांत सदोषांचे प्रमाण ०.२ टक्के असेल, तर एकही सदोष नसण्याची शक्यता दोन्ही सूत्रांनी सुमारे १३.५ टक्केच येते. संख्या मोठी आणि घटना विरळ असली, की द्विपद वितरण पॉयसाँ वितरणाजवळ येते.

मात्र सर्व्हर बंद पडला, की एकाच कारणाने शेकडो जण फोन करतात. मग फोन परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत आणि सूत्र फसते. हे ओळखण्याची खूण नोंदींतच असते. पॉयसाँ वितरणात प्रचरण, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी, मूळ सरासरीइतकेच असते. द्विपद वितरणात ते तिच्याहून कमी असते. फोनच्या नोंदींत ते सरासरीच्या कितीतरी पट निघाले, तर त्या सरासरीवर कर्मचाऱ्यांची संख्या ठरवणे धोक्याचे ठरते.