व्हीपीएन चालू केल्यावर कोणाला काय दिसतं?

साताऱ्यातलं एक जोडपं आहे असं धरून चालू. मूल होत नाही म्हणून उपचारांची चौकशी करायची आहे, पण घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही. रात्री साडेदहाला बाई लॅपटॉप उघडते आणि पुण्यातल्या एका उपचार केंद्राची वेबसाइट बघते. घरातलं ब्रॉडबँड गल्लीतल्या केबलवाल्याचं, आणि तो नवऱ्याच्या रोजच्या उठण्याबसण्यातला. म्हणून ती यूट्यूबवर जाहिरात पाहून व्हीपीएन घेते. आता तुम्हाला कोणी पाहू शकणार नाही, असं ती जाहिरात छातीठोकपणे सांगते. कोण पाहू शकणार नाही, हे मात्र सांगत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

आधी व्हीपीएन नसताना काय होतं ते पाहू. समजा, तिने उघडलेला पत्ता असा आहे:

```
https://vandhyatva-kendra.example/ivf/appointment?doctor=12
```

केबलवाल्याला यातलं सगळं दिसत नाही. पत्त्याच्या सुरुवातीला `https` आहे, म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातलं बोलणं कुलूपबंद आहे. कोणतं पान उघडलं, कोणत्या डॉक्टरांची वेळ मागितली, फॉर्ममध्ये काय भरलं, यातलं काहीही मधल्या कोणाला वाचता येत नाही. हे संरक्षण व्हीपीएनचं नव्हे. ते आज बहुतेक सगळ्या वेबसाइटवर फुकट मिळतं. जाहिराती मात्र ते आपल्याच खात्यावर जमा करतात.

पण `vandhyatva-kendra.example` एवढा तुकडा सहसा उघडा राहतो. एक तर या नावाचा सर्व्हर कुठे आहे हे ब्राउझरला आधी विचारावं लागतं. ही चौकशी म्हणजे डीएनएस, आणि ती बहुधा इंटरनेट कंपनीच्याच यंत्राकडे जाते. दुसरं म्हणजे कुलूप लावायच्या आधी ब्राउझर सर्व्हरला पहिला निरोप पाठवतो, त्यात वेबसाइटचं नाव बहुतेक वेळा साध्या अक्षरांत असतं. ही दोन्ही भोकं बुजवायचे उपाय निघालेत, पण ते सगळीकडे पोचलेले नाहीत. आणि या बाईच्या बाबतीत नाव कळलं म्हणजे सगळंच कळलं. आतलं पान कोणतं, याची कोणाला गरजही नाही.

व्हीपीएन चालू केलं की ही गोष्ट खरोखर झाकली जाते. पाकिटात पाकीट घालावं तसं ते काम आहे. बाहेरच्या पाकिटावर फक्त व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता, आणि उपचार केंद्राचं नाव असलेलं पाकीट आत बंद. केबलवाल्याला कळतं ते इतकंच: या घरातून साडेदहाला व्हीपीएनच्या सर्व्हरशी जोडणी झाली, पावणेबारापर्यंत राहिली, इतके एमबी आले आणि इतके गेले. व्हीपीएन वापरलं जातंय हे सहसा लपत नाही, कारण त्या सर्व्हरांचे पत्ते आणि जोडणीची धाटणी ओळखता येते. पण कुठे गेलात ते कळत नाही. केबलवाल्यापुरती जाहिरात खरी आहे.

आता पाकीट पोचलं त्या टोकाला येऊ. व्हीपीएनचा सर्व्हर बाहेरचं पाकीट फोडतो आणि आतलं पुढे पाठवतो. उपचार केंद्राच्या वेबसाइटला साताऱ्याऐवजी, समजा, सिंगापूरचा आयपी पत्ता दिसतो. वेबसाइटपासून जे लपतं ते मुख्यतः एवढंच. एकाच पत्त्याआड शेकडो लोक असल्यामुळे काही साइट संशय घेतात, ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखायला लावतात आणि काही बँका तर दारच उघडत नाहीत. त्रास होतो, पण तो पत्ता लपल्याचीच खूण आहे.

मात्र वेबसाइट माणसाला फक्त आयपी पत्त्यावरून ओळखत नाही. ती बाई याच ब्राउझरमध्ये गूगलच्या खात्यात आहे, फेसबुकही उघडं आहे. मागच्या भेटींत ठेवलेल्या कुकीज तशाच आहेत. अपॉइंटमेंटच्या फॉर्ममध्ये तिने नाव आणि मोबाइल नंबर स्वतःच्या हाताने भरला. व्हीपीएनने पाकीट बदललं, आतल्या पत्रावरची सही नाही.

हे तर्काने सांगायची गरज नाही, घडलेलं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने 2022 मध्ये तिथल्या 100 नामवंत रुग्णालयांच्या वेबसाइट तपासल्या. त्यातल्या 33 ठिकाणी मेटा पिक्सेल नावाचा कोडचा छोटा तुकडा बसवलेला होता. जाहिरातींचा उपयोग मोजण्यासाठी लोक तो आपल्या साइटवर घालतात. रुग्णाने अपॉइंटमेंटचं बटण दाबलं की हा तुकडा फेसबुकला निरोप पाठवत होता. एका रुग्णालयाच्या पानावरून तर बटणावरचा मजकूर, डॉक्टरांचं नाव आणि ज्या शब्दांनी डॉक्टर शोधले ते शब्दही गेले. ते शब्द गर्भपाताविषयीचे होते. सोबत आयपी पत्ताही जात होता.

इथे रुग्णाने व्हीपीएन लावलं असतं तर काय वाचलं असतं? आयपी पत्ता तेवढा बदलला असता. बाकीचा निरोप जसाच्या तसा गेला असता, कारण तो मधल्या वाटेत कोणी चोरलेला नाही. पान रुग्णाच्या ब्राउझरमध्ये उघडल्यावर त्या पानानेच तो पाठवला. त्याच ब्राउझरमध्ये फेसबुकचं खातं उघडं असेल, तर कुकीच्या आधारे निरोप थेट नावाच्या माणसाशी जोडता येतो. व्हीपीएनचा बोगदा हा निरोपही इमानेइतबारे, कडेकोट बंदोबस्तात फेसबुकपर्यंत पोचवतो.

खातं नसलं, कुकीज पुसल्या, तरी ब्राउझर बराच बोलका असतो. खात्री करायची तर व्हीपीएन सुरू करा, देश सिंगापूर किंवा नेदरलँड्स निवडा आणि संगणकावर क्रोम उघडून F12 दाबा. Console या भागात ही ओळ टाइप करा:

```
Intl.DateTimeFormat().resolvedOptions().timeZone
```

भारतात घड्याळ लावलेल्या संगणकावर उत्तर येतं `'Asia/Calcutta'`. (शहराचं नाव 2001 मध्ये कोलकाता झालं, क्रोमला अजून पत्ता नाही.) कोणतीही वेबसाइट ही ओळ गुपचूप चालवू शकते. आयपी पत्ता सिंगापूरचा, घड्याळ भारताचं आणि ब्राउझरची पसंतीची भाषा मराठी, एवढं जमलं की तुम्ही कुठले हे ओळखायला हेर लागत नाही. पडद्याचा आकार, फाँट, ग्राफिक्सचं चिप असे आणखी तपशील जोडत गेलं की ब्राउझरचा ठसा तयार होतो. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने 2010 मध्ये अशी पाहणी केली, तेव्हा त्यांच्याकडे आलेल्यांपैकी 83.6 टक्के ब्राउझरांचा ठसा एकमेव निघाला. ब्राउझर तेव्हापासून बदलले, युक्ती तीच राहिली. मोबाइलवर तर ॲपला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर ॲप जीपीएसला विचारतं, आणि जीपीएस व्हीपीएनमधून जात नाही.

उरली स्वतः व्हीपीएन कंपनी. केबलवाल्याला आधी जे दिसत होतं ते सगळं, म्हणजे कोणत्या वेळी कोणती वेबसाइट, आता तिला दिसू शकतं. ते लिहून ठेवायचं की नाही, हे तिच्या हातात. आम्ही नोंदी ठेवत नाही, असं जवळपास प्रत्येक कंपनी म्हणते. बाहेरून ते तपासायची सोय ग्राहकाकडे नाही.

फुकटच्या सेवेत काय होऊ शकतं, याचा नमुना म्हणजे ओनावो. फेसबुकने ही इस्रायली कंपनी 2013 मध्ये विकत घेतली. तिचं ‘ओनावो प्रोटेक्ट’ हे ॲप तुमची माहिती सुरक्षित ठेवतो म्हणत होतं. प्रत्यक्षात लोक कोणती ॲप किती वापरतात, याचा हिशेब त्यातून फेसबुककडे जात होता आणि धंद्याचे निर्णय घ्यायला कामी येत होता. ॲपलने 2018 मध्ये ते आपल्या दुकानातून काढायला लावलं, पुढच्या वर्षी ते बंदच झालं. ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने 2023 मध्ये ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून 2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. केबलवाल्यापासून लपण्यासाठी फेसबुकच्या मांडीवर जाऊन बसायचं, हा सौदा कोणी जाणूनबुजून केला नसता.

भारतात याला कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या सरकारी संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी निर्देश काढले. व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचं कारण, हे सगळं ग्राहक सोडून गेल्यावरही किमान 5 वर्षं जपायचं. कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन यातून वगळली. एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर हलवले. म्हणून काही सेवांच्या यादीत ‘भारत’ दिसतो, आयपी पत्ताही भारतीय मिळतो, पण यंत्र असतं परदेशात. ऑफिसने दिलेल्या व्हीपीएनची गोष्ट वेगळी. तिथे पाकीट ऑफिसच फोडतं, त्यामुळे खासगी कामासाठी ते वापरू नये.

पैसे भरून चांगली सेवा घेतली तरी ती गळत नाही ना, हे पाहावं लागतं. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण आयपीव्ही6. मोबाइल नेटवर्कवर, विशेषतः जिओवर, फोनला जुन्या पद्धतीच्या पत्त्याबरोबर हा नवा लांबलचक पत्ताही मिळतो. काही व्हीपीएन फक्त जुन्या पद्धतीची वाहतूक बोगद्यात घालतात आणि नवी तशीच बाहेर सोडतात. व्हीपीएन सुरू करून `ipleak.net` उघडा. वर सिंगापूरचा पत्ता आणि खाली `2409:` ने सुरू होणारा जिओचा किंवा `2401:4900:` ने सुरू होणारा एअरटेलचा पत्ता दिसला, तर भोक आहे. त्याच पानावर डीएनएसच्या यादीत आपल्याच इंटरनेट कंपनीचं नाव आलं, तर केबलवाल्याला वेबसाइटची नावं अजूनही कळतायत. जोडणी मध्येच तुटली तर वाहतूक गुपचूप साध्या वाटेने जाऊ नये, यासाठी ॲपमध्ये किल स्विच असतो. तो चालू आहे ना, हेही बघायचं.

साताऱ्याच्या त्या बाईचा नेम केबलवाल्यावर होता. त्याच्यापुरतं व्हीपीएन पुरेसं आहे, चाचणीत गळती नसली म्हणजे झालं. फेसबुक आणि गूगलला कळू द्यायचं नसेल, तर खात्यांत लॉगिन नसलेला वेगळा ब्राउझर, त्यात ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन, आणि काम झालं की कुकीज पुसणं, हे व्हीपीएन न घेताही करता येतं. आणि लॅपटॉप घरात सगळेच वापरत असतील तर प्रायव्हेट विंडो उघडावी, कारण ब्राउझरची हिस्टरी व्हीपीएन चालू असतानाही लिहिली जातच असते.