शनिवारी झालेली सोमवारची एंट्री

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग करणारा एखादा कारखाना घ्या. त्याला 200 शाफ्टची ऑर्डर आली. ईआरपीमध्ये तिची वर्क ऑर्डर निघते: काय करायचं, किती नग, कधीपर्यंत. कोणतं काम कोणत्या मशीनवर, कोणत्या क्रमाने आणि किती वेळात होईल, हे राउटिंग सांगतं. आधी बार कापणं, मग सीएनसी लेथ, मग ग्राइंडिंग. लेथवर सेटिंगला 60 मिनिटं आणि प्रत्येक नगाला 6 मिनिटं धरली, तर एकूण 1260 मिनिटं, म्हणजे 21 तास लागतात.

आता हे 21 तास बसवायचे कुठे? लेथ दोन पाळ्यांत चालतो, पण जेवणाची सुट्टी, टूल बदलणं, किरकोळ बिघाड वजा जाता दिवसाला 12 तासच हाती लागतात, आठवड्याच्या सहा दिवसांत 72. त्यातले 60 तास आधीच दुसऱ्या ऑर्डरींनी घेतलेले आहेत. बेरीज 81 होते, तरी बहुतेक ईआरपींचं नेहमीचं नियोजन ऑर्डर अडवत नाही. ते मशीनची क्षमता अमर्याद धरून तारखा काढतं आणि लेथवरचा भार 112 टक्क्यांच्या वर गेल्याचं फक्त दाखवतं. जादा नऊ तास ओव्हरटाइमने काढायचे, दुसऱ्या लेथवर टाकायचे की बाहेरून करून घ्यायचे, हे प्लॅनरलाच ठरवावं लागतं.

त्याचा निर्णय शॉप फ्लोअरवरून येणाऱ्या कन्फर्मेशनवर उभा असतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हयगय तिथेच होते. सोमवारी 110 नग निघाले, 106 चांगले, 4 रिजेक्ट. ही एंट्री त्याच दिवशी झाली, तर लेथवर 90 नगांचे नऊच तास उरलेले दिसतात. झाली नाही, तर मंगळवारीही सिस्टीम 21 तास बाकी दाखवते. संपलेल्या 12 तासांसाठी मशीन अडलेलं दिसतं आणि प्लॅनर मोकळ्या मशीनचं काम पैसे मोजून बाहेर पाठवतो. चार नग कमी पडणार हे डिस्पॅचच्या दिवशी कळतं. कन्फर्मेशनबरोबर कच्चा माल आपोआप वजा होत असेल, तर वापरलेले बारही स्टॉकमध्ये शिल्लक दिसत राहतात आणि नव्या बारची मागणी वेळेवर निघत नाही.

आठवड्याच्या एंट्री शनिवारी एकदम भरल्या जातात का, हे रिपोर्टमधल्या वेळा पाहिल्या की कळतं. दुसरी खूणही पक्की आहे: लागलेला वेळ दर वेळी राउटिंगइतकाच, बरोबर सहा मिनिटं. खऱ्या मशीनवर असं घडत नाही. ते आकडे घड्याळ न पाहता उतरवलेले असतात. ऑपरेटरने पाळी संपताना चांगले नग, रिजेक्शन आणि खरा वेळ लेथजवळच नोंदवला, तर काही आठवड्यांत नगाला साडेसात मिनिटं लागतात असं उघड होऊ शकतं. मग राउटिंगमधला आकडा बदलावा लागतो, आणि 21 तासांची ऑर्डर 26 तासांची होते.